पटले, पटेल आणि पाटील
नोंदणीच्या मेजावर हरवणारी नावे

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात सौंदड हे गाव आहे. राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदिया–बल्लारशा लोहमार्ग या दोन्हींची सोय असल्याने परिसरातील मेळावे व प्रशिक्षण वर्ग येथे भरविणे सोयीचे पडते. या गावाचे नाव मराठीत एकाच रीतीने लिहिले जाते, परंतु इंग्रजीत कोणी Saundad लिहितो, तर कोणी Soundad. वाचणाऱ्या माणसाला त्यात काहीच अडचण नसते. संगणकाला मात्र ही दोन वेगळी गावे वाटतात. गावाच्या नावाची ही स्थिती असेल, तर त्या गावी जमणाऱ्या माणसांच्या नावांचे काय होत असेल, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास अशाच एका दोन दिवसांच्या निवासी प्रशिक्षण वर्गात नोंदणीच्या मेजावर बसला असता आला.

वर्गासाठी दोन याद्या आलेल्या होत्या. एक ग्रामपंचायतींकडून आलेली, मराठीत आणि हस्ताक्षरात; दुसरी मोबाईलवरील अर्जातून तयार झालेली, इंग्रजी लिपीत. दुसरी यादी संगणकावर असल्याने मेजावर तीच वापरण्याचे ठरले. सकाळी नऊच्या सुमारास शेंडा गावाकडून आलेले एक गृहस्थ समोर उभे राहिले. आडनाव पटले. मेजावरील तरुणाने Patle असे टंकित केले. यादीत नाव नाही. मागे रांग वाढत होती. तरुणाने पहिली तीन अक्षरे ठेवून पुन्हा शोध घेतला, तेव्हा Patil असे एक नाव दिसले. ‘हेच असणार, लिहिताना चुकले असेल’ असे म्हणून त्याने त्या नावापुढे हजर अशी खूण केली आणि खोलीची चिठ्ठी व साहित्याची पिशवी गृहस्थांच्या हाती दिली. शेजारी बसलेल्या आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

अकरा वाजता देवरीहून एक वयस्कर पाटील आले. त्यांच्या नावापुढे खूण झालेली होती. खोली दिली गेली होती. ‘आपण एकदा येऊन गेलात’ असे त्यांना सांगण्यात आले, आणि आपण आलेलोच नव्हतो हे सिद्ध करण्याचे ओझे त्या वृद्ध गृहस्थांवर पडले. दोन तास बाकावर बसून ते दुपारच्या गाडीने परत गेले. सायंकाळी याद्या पडताळताना उलगडा झाला. यादीत Patel असेही एक नाव होते, ते दिवसभर कोरेच राहिले होते. शेंड्याच्या पटल्यांनी अर्ज भरताना शेवटची दोन अक्षरे उलटी पडली होती. म्हणजे एका चुकीच्या जुळणीने तीन नोंदी बिघडल्या होत्या. पटले हजर असून गैरहजर ठरले, पाटील गैरहजर असून हजर ठरले आणि प्रवासभत्त्याच्या पावतीवर एकाच्या नावापुढे दुसऱ्याची सही झाली.

संगणकाचा साधा शोध हा अक्षरास अक्षर लावून पाहणारा असतो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की त्याच्या लेखी नावच नाही. यावर उपाय म्हणून जी पद्धत वापरली जाते, तिला फझी सर्च म्हणतात. मराठीत आपण तिला सैल जुळणी म्हणू. नाव तंतोतंत न जुळले, तरी जवळपासची नावे शोधून पुढे ठेवणे हे तिचे काम होय. जवळपास म्हणजे नेमके किती जवळ, आणि ते कसे मोजावयाचे, हाच या विषयाचा गाभा आहे.

सर्वात जुनी रीत उच्चारावर आधारलेली आहे. अमेरिकेतील रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे तिच्या सुधारित रूपास साउंडेक्स हे नाव रूढ झाले. तेथील जुन्या जनगणनांच्या याद्यांची सूची करताना १९३० नंतरच्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. रीत अशी की, नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि उरलेल्या व्यंजनांना अंक द्यावयाचे. एकमेकांसारखी ऐकू येणारी व्यंजने एका अंकाखाली येतात. d आणि t यांना ३, l ला ४, m आणि n यांना ५, r ला ६. एक अक्षर आणि तीन अंक झाले की थांबावयाचे; अंक कमी पडल्यास शून्य लावावयाचे.

आता Patle घेऊ. P राहिला, a गळाला, t चे ३, l चे ४, e गळाला, शेवटी एक शून्य. खूण झाली P340. Patel ची खूण काढली तरी P340, आणि Patil चीही P340. साउंडेक्सने हरवलेला पटेल शोधून दिला हे खरे. परंतु त्याच टोपलीत पाटीलही आणून ठेवला. या भागात त्याहून अवघड जोडी मेश्राम आणि मसराम यांची आहे. ही दोन स्वतंत्र आडनावे आहेत आणि दोन्ही या जिल्ह्यात ऐकू येतात. Meshram ची खूण M265 आणि Masram चीही M265. येथे तर कोणाची काही चूकही झालेली नसते.

उलट बाजूने, जी नावे एकत्र यावयास हवीत, ती कधी कधी दूर जातात. ज्ञानेश्वर हे नाव कोणी Dnyaneshwar लिहितो, तर हिंदी वळणाने लिहिणारा Gyaneshwar. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात दोन्ही वळणे आढळतात. पहिल्याची खूण D552 आणि दुसऱ्याची G526. पहिले अक्षर तसेच ठेवण्याचा नियम असल्याने ही दोन्ही रूपे कधीही भेटत नाहीत. Waghmare आणि Vaghmare यांचेही तेच. इंग्रजी आडनावांसाठी घडविलेली ही रीत आपल्या नावांना अशी दोन्हीकडून अपुरी पडते. म्हणून तिच्यावर एकट्याने विसंबून राहू नये, असे आमचे मत आहे.

दुसरी रीत उच्चाराकडे न पाहता लेखनातील फेरफार मोजते. रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली ती मांडली. एका नावाचे दुसरे नाव करण्यासाठी कमीत कमी किती वेळा एखादे अक्षर घालावे, काढावे किंवा बदलावे लागेल, ती संख्या म्हणजे त्या दोन नावांतील अंतर. Saundad मधील एक a बदलून o केला की Soundad होते; अंतर एक. Dnyaneshwar मधील D चा G केला आणि n काढला की Gyaneshwar, अंतर दोन. साउंडेक्सला न सापडलेला ज्ञानेश्वर येथे सहज सापडतो.

पण आपल्या पटल्यांचे काय? Patle चे Patel करावयाचे तर l काढून तो शेवटी घालावा लागतो, दोन फेरफार. Patle चे Patil करावयाचे तर l चा i आणि e चा l, तेही दोनच. म्हणजे याही रीतीने पटेल आणि पाटील सारख्याच अंतरावर उभे राहतात. येथे एका लहानशा सुधारणेचा फार उपयोग होतो. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी १९६४ साली टंकलेखनातील चुकांचा अभ्यास करून असे दाखविले की, ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एक अक्षर जास्त पडणे, एक गळणे, एक बदलणे आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. या चौथ्या प्रकारास एकच फेरफार मानले की Patle आणि Patel यांतील अंतर एक होते आणि Patil चे दोनच राहते. त्या सकाळी मेजावर हा हिशेब करणारी प्रणाली असती, तर पडद्यावर पटेल वर आणि पाटील खाली दिसला असता. चुकीची जुळणी टळलीच असती असे नव्हे, परंतु तरुणाची नजर प्रथम योग्य नावावर गेली असती.

अंतर किती चालवून घ्यावयाचे, हा प्रश्न मात्र नावाच्या लांबीवर ठरतो. अकरा अक्षरी ज्ञानेश्वरात दोन फेरफार झाले, तरी नाव ओळखू येते. परंतु Lade, Lande आणि Lanje ही तीन नावे पाहावीत. लाडे, लांडे आणि लांजे ही तीन वेगळी आडनावे असून पहिल्यापासून दुसरे आणि दुसऱ्यापासून तिसरे फक्त एका अक्षराच्या अंतरावर आहे. येथे दोन फेरफारांची मुभा दिली की तिन्ही घरे एकाच ओसरीवर येतात. म्हणून चार-पाच अक्षरांच्या नावाला एकच फेरफार, सहा ते नऊ अक्षरांना दोन आणि त्यापुढे तीन, अशी चढती मर्यादा ठेवणे इष्ट होय. हा काही शास्त्राचा अटळ नियम नव्हे. आपल्या यादीतील नावांवर आधी तो लावून पाहावा आणि कोणती नावे एकमेकांत मिसळतात ते मेळाव्याच्या आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. रांग उभी असताना असले प्रयोग होत नाहीत.

आता एक गोष्ट अशी, की जी आम्हाला फार उशिरा उमगली. ग्रामपंचायतींची मराठी यादी आम्ही बाजूला ठेवली होती, कारण ती हस्ताक्षरात होती. वास्तविक याच यादीने काम सोपे केले असते. इंग्रजी लिपीत आपली नावे एकमेकांच्या जवळ येतात, तर देवनागरीत ती पुष्कळदा दूर राहतात. संगणक काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळे अक्षर म्हणून मोजतो. पटले आणि पटेल यांत केवळ एक मात्रा शेजारच्या अक्षरावर सरकली आहे. अदलाबदल एक, अंतर एक. पटले आणि पाटील यांत मात्र एक काना घालावा लागतो, एक वेलांटी घालावी लागते आणि एक मात्रा काढावी लागते, अंतर तीन. इंग्रजीत एक आणि दोन असा निसटता फरक होता, तो मराठीत एक आणि तीन असा ठसठशीत झाला. मेश्राम आणि मसराम यांचेही अंतर इंग्रजीत दोन, तर मराठीत तीन येते.

देवनागरीचे स्वतःचे काही खड्डे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. बन्सोड हे आडनाव कोणी न जोडून लिहितो, कोणी बनसोड असा पूर्ण न लिहितो, तर कोणी अनुस्वार देऊन बंसोड लिहितो. हिंदी टंकलेखनाची सवय असलेला माणूस ड खाली नुक्ताही देतो. आणि हा नुक्ता असलेला ड संगणकात दोन प्रकारे साठविता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ड आणि नुक्ता अशा दोन तुकड्यांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोध मात्र लागत नाही. डोळ्यांना दिसतच नाही अशी ही चूक असल्याने मेजावरील माणूस हतबुद्ध होतो.

यासाठी शोधापूर्वी प्रत्येक नावाचे एक साधे रूप करून ते शेजारच्या रकान्यात ठेवावे लागते. नुक्ता काढावा, अनुस्वाराचा न करावा, पाय मोडलेले अक्षर पूर्ण करावे, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि उकार एकच मानावेत. असे केले की बन्सोडांची तिन्ही-चारही रूपे बनसोड या एका साध्या रूपात येतात आणि शोध तत्काळ लागतो. उईके आणि उइके हेही असेच एक होतात. मूळ नाव मात्र कदापि पुसू नये. पावतीवर आणि प्रमाणपत्रावर ज्याने जसे लिहिले, तसेच त्याचे नाव यावयास हवे. साधे रूप हे केवळ शोधाचे साधन आहे. त्याचप्रमाणे नियम वाढविण्याचा मोहही आवरावा. अक्षरे पूर्ण करण्याच्या नियमाने मेश्रामाचे मेशराम होते आणि मसरामापासूनचे अंतर तीनावरून दोनावर येते. त्यात कोणी श आणि स एक मानले आणि मात्रा गाळल्या, तर दोन्ही आडनावांचे मसरम होऊन बसते. चाळणीची भोके किती मोठी ठेवावीत, याचा विचार धान्य पाहूनच करावा लागतो.

काही नावे अशी असतात, की ती कोणत्याही चाळणीत सापडत नाहीत. महिलेचे नाव एका यादीत माहेरच्या आडनावाने आणि दुसरीत सासरच्या आडनावाने असेल, तर तेथे अक्षरांचे अंतर मोजणे व्यर्थ आहे. सरकारी यादीत आडनाव प्रथम आणि अर्जात शेवटी, हा घोळ मात्र सोपा आहे. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव हे तीन रकाने वेगळे ठेवले आणि तिन्हींत शोध घेतला की तो सुटतो. शांता आणि शांताबाई, यादव आणि यादवराव यांसाठी बाई, राव, भाऊ, जी ही आदराची पदे साध्या रूपातून काढून टाकावीत. एवढे करूनही न सापडणारी व्यक्ती उरतेच. तिच्यासाठी मेजावर एक कोरी वही असावी. नाव सापडले नाही म्हणून माणूस परत पाठविणे, हे संगणकाच्या चुकीत आपली भर घालणे होय.

सैल जुळणी जी नावे पुढे ठेवते, त्यांतून नेमके कोणते खरे हे तिला ठाऊक नसते. तिने चार-पाच नावे जवळिकीच्या क्रमाने दाखवावीत आणि निवड माणसाने करावी. ही निवड कशी करावयाची, यात एक बारकावा आहे. पडद्यावर पाहून ‘आपण देवरीचेच ना?’ असे विचारू नये. गर्दीत उभा असलेला, कमी ऐकू येणारा किंवा भिडस्त पाहुणा मान हलवून मोकळा होतो. ‘आपलं गाव कोणतं?’ असे विचारावे आणि उत्तर यादीशी ताडून पाहावे. त्या सकाळी आमच्या तरुणाने हा एक प्रश्न विचारला असता, तर शेंडा हे उत्तर आले असते, पाटलांपुढे देवरी लिहिलेले दिसले असते आणि पुढचा सारा प्रकार टळला असता.

गावाचे नावही कधी फसविते. कोणी ‘अर्जुनी’ एवढेच सांगितले, तर ती सडक अर्जुनी की अर्जुनी मोरगाव, हे पुन्हा विचारावे लागते. दोन्ही याच जिल्ह्यातील तालुक्यांची ठिकाणे आहेत. अशा वेळी मोबाईल क्रमांकाचे शेवटचे चार अंक उपयोगी पडतात. तेही पाहुण्यानेच सांगावयाचे, आपण वाचून दाखवावयाचे नाहीत. आडनाव जवळचे, गाव तेच आणि अंक तेच, अशी तिहेरी गाठ पडली की निःशंकपणे खूण करावी. दोनच जुळले, तर खूण न करता शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या कर्मचाऱ्याकडे पाठवावे.

ज्यांच्याकडे खास प्रणाली नाही आणि केवळ एक्सेलमधील तक्ता आहे, त्यांनाही थोडे साधता येते. तेथील शोधात तारका हे चिन्ह ‘येथे काहीही चालेल’ या अर्थाने वापरता येते. स्वरांच्या जागी तारका घालून पुढीलप्रमाणे शोध घ्यावा.

```
p*t*l*
m*s*r*m
```

पहिल्या ओळीने Patle, Patel आणि Patil तिन्ही सापडतील, तर दुसरीने Meshram, Mesram आणि Masram. आडनावाचा रकाना मात्र स्वतंत्र असला पाहिजे आणि शोध त्याच रकान्यापुरता घेतला पाहिजे. आम्ही हा प्रयोग संपूर्ण तक्त्यावर केला, तेव्हा पहिल्या ओळीने पाहुण्यांच्या पदनामातील Deputy Collector सुद्धा शोधून आणला. p, t आणि l ही अक्षरे त्यातही त्याच क्रमाने येतात!

चूक झाली आहे हे लवकर कसे ओळखावे, हेही सांगणे आवश्यक आहे. न सापडलेले नाव निदान दिसते. पाहुणा समोर उभा असतो. चुकीने जुळलेले नाव दिसत नाही, कारण पाहुणा समाधानाने आत गेलेला असतो आणि एकूण हजेरीची बेरीजही बरोबर येते. आमच्या वर्गात सायंकाळपर्यंत कोणाला संशय आला नाही, तो यामुळेच. म्हणून दुपारी जेवणापूर्वी दोन छोट्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एक, अद्याप कोऱ्या असलेल्या नावांची. दुसरी, वहीत हाताने लिहिलेल्या आणि ‘आपण येऊन गेलात’ असे ज्यांना सांगितले गेले, त्या व्यक्तींची. कोऱ्या यादीतील Patel आणि तक्रार घेऊन आलेले पाटील हे दोघे दुपारी बारा वाजता एकाच कागदावर आले असते, तर मधला पटले शोधून काढण्यास पाच मिनिटे पुरली असती. देवरीची गाडी त्यानंतर सुटणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी करून त्या वृद्ध गृहस्थांची क्षमा मागण्यात आली. ते पुन्हा आले नाहीत. पटल्यांनी मात्र स्वतः मेजापाशी येऊन पावतीवरील सही दाखविली. ती आपली सही आहे, पण छापलेले नाव आपले नाही, हे त्यांनी आदल्या दिवशीच पाहिले होते. सरकारी कागदात नाव चुकायचेच, असे समजून ते गप्प राहिले होते.